मंत्रिमहोदय, सोडतीचा कोड एकदा उघडून दाखवा

मा. मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या खात्याची सोडत आता संगणकावर निघते. अर्जदारांची यादी संगणक पिसतो आणि पिसलेल्या यादीत जो वर येतो त्याचा नंबर लागतो. ‘यंत्राला ना काका ना मामा’ असे आपले अधिकारी सांगतात. यंत्राला नसतीलही, पण पिसण्याची रीत चुकली तर यादीतल्या काही जागांना आपोआप काका-मामा मिळतात. त्याला कुणाचा वशिला लागत नाही, की कुणाची लबाडीही.

पिसायला सांगितले तर नवखा प्रोग्रॅमर बहुतेक वेळा असे लिहितो:

```python
for i in range(n):
    j = secrets.randbelow(n)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

म्हणजे पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत जायचे आणि प्रत्येक जागेवरचे नाव संपूर्ण यादीतल्या कुठल्याही जागेवरच्या नावाशी बदलायचे. जागा निवडणारा आकडा निखळ यादृच्छिक आहे, प्रत्येक नावाची अदलाबदल होते. मग खोट कुठे?

तीनच नावे घेऊ: अ, ब, क. प्रत्येक पायरीला तीन पर्याय आणि पायऱ्या तीन, म्हणून एकूण 27 वाटा, सगळ्या सारख्याच शक्यतेच्या. तीन नावांचे क्रम मात्र 6 च होतात. 27 ला 6 ने भाग जात नाही, त्यामुळे सगळ्या क्रमांच्या वाट्याला सारख्या वाटा येणे शक्यच नाही. कागदावर मोजले तर अकब, बअक आणि बकअ या क्रमांना प्रत्येकी 5 वाटा मिळतात, तर अबक, कअब आणि कबअ यांना 4. यावरून पहिल्या जागेचा हिशेब काढा: 27 पैकी अ 9 वेळा, ब 10 वेळा आणि क 8 वेळा. निवड एकाचीच व्हायची असेल, तर ब चे पारडे क पेक्षा सव्वापट जड आहे.

हे होते कसे, ते क च्या बाजूने पाहा. क ला पहिल्या जागेवर जायचे दोनच मार्ग आहेत. पहिल्या पायरीत तो तिथे जातो आणि पुढच्या दोन पायऱ्यांत त्याला कुणी हलवत नाही, या 4 वाटा. किंवा पहिल्या दोन पायऱ्यांत तो जागचा हलत नाही आणि तिसऱ्या पायरीत थेट पहिल्या जागेवर जातो, याही 4 वाटा. ब ला असेच दोन मार्ग आहेत, शिवाय एक चोरवाट आहे. दुसऱ्या पायरीत तो तिसऱ्या जागेवर फेकला जाऊ शकतो. त्या जागेची पाळी अजून यायची असते, त्यामुळे तिसऱ्या पायरीत त्याला वर जायची आणखी एक संधी मिळते. या जादा 2 वाटा क ला मिळत नाहीत, कारण त्याच्यापुढे पाळी यायची जागाच उरलेली नसते.

यादी लांबली की हे आपोआप निवळेल, असे कुणाला वाटेल. उलट होते. 100 नावांच्या यादीत प्रत्येकाला पहिला नंबर लागण्याची संधी 1 टक्का हवी. या रीतीने यादीतल्या दुसऱ्या नावाला ती सुमारे 1.36 टक्के मिळते आणि तिथून उतरत उतरत शंभराव्या नावाला 0.74 टक्क्यावर येते. म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक. आणि यादीतली जागा काही दैवाने ठरत नाही. यादी अर्ज आल्याच्या क्रमाने असेल तर शेवटच्या तासाला अर्ज भरणाऱ्याचे नुकसान होते, आडनावांच्या क्रमाने असेल तर शेवटच्या अक्षरांच्या आडनावांचे.

‘मग तीनदा पिसू’ हा सल्ला मी ऐकला आहे. त्याने फरक बारीक होतो, पण नाहीसा होत नाही. तीन नावांना कितीही वेळा असे पिसले तरी वाटांची संख्या 27 चा घात असते, म्हणजे विषम. विषम संख्येला 6 ने भाग कधीच जात नाही.

बरोबर रीत जुनी आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी ती 1938 मध्ये कागद-पेन्सिलीने करण्यासाठी दिली आणि 1964 मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी तिला संगणकाला सोयीचे रूप दिले. डब्यातून चिठ्ठ्या काढण्यासारखेच आहे ते: काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही.

```python
for i in range(n - 1, 0, -1):
    j = secrets.randbelow(i + 1)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

शेवटच्या जागेसाठी सगळ्या नावांतून एक निवडले की ती जागा कायमची बंद. पुढची निवड उरलेल्या नावांतूनच. तीन नावांसाठी पर्याय आधी 3, मग 2, म्हणजे एकूण 6 वाटा आणि 6 क्रम, प्रत्येकाला नेमकी एक वाट. इथे `i + 1` मधला `+ 1` कुणी विसरला तर मात्र वेगळाच घोटाळा होतो: कुठलेच नाव मूळ जागेवर राहू शकत नाही. अर्थात यादीतल्या पहिल्या अर्जदाराला पहिला नंबर लागणे अशक्य होते आणि तीन नावांचे 6 ऐवजी 2 च क्रम निघतात. निकालाकडे पाहून हे कुणाच्याही लक्षात येणार नाही, कारण यादी छान विस्कटलेली दिसते.

म्हणूनच ‘आम्ही चाचणी घेतली आहे’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान होत नाही. कोणती चाचणी? सदोष रीतीतसुद्धा यादीतले पहिले नाव प्रत्येक जागी अगदी सारख्या प्रमाणात पोचते आणि शेवटच्या जागेवर प्रत्येक नाव सारख्या प्रमाणात येते. तपासणाऱ्याने नेमके यांतलेच काही मोजले तर कोड निर्दोष ठरेल. मोजायचे तर सगळे मोजावे लागते: कोणते नाव कोणत्या जागेवर किती वेळा आले, याचा पूर्ण तक्ता. 100 नावांची यादी 10 लाख वेळा पिसली तर त्या तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीत 10,000 च्या आसपास आकडा हवा. शे-दोनशेचा फरक नशिबाचा धरता येतो. पहिल्या जागेच्या रकान्यात दुसऱ्या नावापुढे 13,600 आणि शंभराव्यापुढे 7,400 दिसले तर तो नशिबाचा नव्हे. या चाचणीला साध्या संगणकावर फार वेळ लागत नाही.

तक्ता बरोबर आला तरी एक गोष्ट त्यात दिसत नाही, ती म्हणजे यादृच्छिक आकडे सुरू कुठून होतात. पुष्कळ प्रोग्रॅम एका 32 बिटांच्या सुरुवातीच्या आकड्यावरून, म्हणजे सीडवरून, पुढचे सगळे आकडे काढतात. असे सीड सुमारे 429 कोटी आहेत, आणि फक्त 13 नावांचेच क्रम होतात सुमारे 623 कोटी. म्हणजे रीत बरोबर असूनही कित्येक क्रम कधीच निघू शकत नाहीत. त्यातून सीड जर घड्याळाच्या वेळेवरून घेतला असेल, तर सोडतीची वेळ ठाऊक असलेल्याला निकालाचा अंदाज आधीच बांधता येतो. हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित यादृच्छिक स्रोताकडेच द्यायला हवे. वरच्या कोडमधले `secrets` तेच करते.

आपल्याकडे मागणी एवढीच: पुढच्या सोडतीच्या किमान आठ दिवस आधी पिसण्याचा कोड, पिसण्यापूर्वीची यादी ज्या क्रमाने लावणार तो नियम आणि वर सांगितलेला पूर्ण तक्ता जाहीर करावा. कोड चार-पाच ओळींचा असतो. तो गोपनीय ठेवण्याचे कारण खात्याकडे असेल, तर ते लेखी कळवावे.

आपला,
एक प्रोग्रॅमर