कंत्राटदाराच्या बिलावरील टीडीएसबाबत

दिनांक : ३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या बिलातून कापायचा टीडीएस

महोदय,

वॉटरप्रूफिंगच्या शेवटच्या चेकचे व्हाउचर सूचनाफलकावर पाहिले. त्यात २ टक्के दराने ५,६६४ रुपये टीडीएस धरला असून भरणा ७ नोव्हेंबरपर्यंत करायचा, अशी नोंद आहे. दर, रक्कम आणि तारीख तिन्ही चुकले आहेत. चेक अजून दिलेला नाही, तोवर दुरुस्ती सोपी आहे.

कलम १९४सी प्रमाणे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला १ टक्का आणि इतरांना २ टक्के दर लागतो. बिलावर 'एंटरप्रायझेस' छापले म्हणून ती भागीदारी फर्म ठरत नाही. पॅनचे चौथे अक्षर पाहावे. फर्मसाठी ते F, कंपनीसाठी C असते. या बिलावरच्या पॅनमध्ये P आहे, म्हणजे मालक एकटा आणि दर १ टक्का. (पॅनच दिला नसता तर २० टक्के कापावे लागले असते.)

व्हाउचरमध्ये जीएसटीसह २,८३,२०० रुपयांवर आकारणी केली आहे. बिलात ४३,२०० रुपये जीएसटी वेगळा दाखवलेला असल्याने टीडीएस फक्त २,४०,००० वर, म्हणजे २,४०० रुपये होतो. ९०,००० आगाऊ वजा जाता चेक १,९०,८०० रुपयांचा निघेल.

तारखेचे मात्र नीट समजून घ्यावे, कारण दरवेळी इथेच गफलत होते. बिल हिशेबात जमा करणे किंवा पैसे देणे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा टीडीएस कापायचा असतो. बिल २९ सप्टेंबरला खात्यात जमा झाले. चेक ऑक्टोबरात निघाला तरी कपात सप्टेंबरचीच, म्हणून भरणा ७ ऑक्टोबरपर्यंत. (फक्त मार्चमधील कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते.) ८ तारखेला भरला तरी दरमहा दीड टक्का व्याज लागते, आणि प्रणाली सप्टेंबर व ऑक्टोबर असे दोन महिने मोजते : २,४०० वर ७२ रुपये. ते सोसायटीने सोसायचे, कंत्राटदाराकडून वळते करायचे नाही.

१८ ऑगस्टला दिलेल्या ९०,००० च्या आगाऊ रकमेवरही तेव्हाच ९०० रुपये कापायला हवे होते, कारण एका वेळची रक्कम ३०,००० च्या वर गेली की आगाऊसुद्धा सुटत नाही. ते ९०० आता वरच्या २,४०० मध्ये येतात. उशिरा कापल्याचे व्याज महिन्याला १ टक्का, दोन महिन्यांचे १८ रुपये, वेगळे भरावे.

चलन २८१ भरताना करनिर्धारण वर्ष २०२६-२७, मेजर हेड 0021, मायनर हेड 200 आणि कलम 94C निवडावे. 0020 हे कंपन्यांसाठी आहे. त्यानंतर जुलै–सप्टेंबर तिमाहीचे 26Q विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावे. ते भरल्याशिवाय कंत्राटदाराच्या 26AS मध्ये रक्कम दिसत नाही आणि त्याला फॉर्म 16A देता येत नाही.

दुरुस्त व्हाउचर खजिनदारांकडून मंगळवारच्या आत करून घ्यावे, ही विनंती.

आपला,
सोसायटीचा एक सभासद