अनुवाद कुणाच्या मालकीचा? मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

शासकीय किंवा शासनाच्या अनुदानावर चालणारी संस्था एखाद्याकडून अनुवाद करून घेते, तेव्हा त्या अनुवादाचा कॉपीराइट कुणाकडे राहणार आणि अनुवादकाचे नाव कुठे छापले जाणार, हे करारात स्पष्ट लिहिले जावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. कॉपीराइटचा कायदा केंद्राचा आहे आणि तो बदलणे आपल्या हाती नाही, हे मला माहीत आहे. पण माझी मागणी त्या कायद्याचा एक शब्दही न बदलता पूर्ण करता येण्यासारखी आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करतो. 'मानधन दिले म्हणजे अनुवाद आमचा झाला' असे प्रकाशक सर्रास धरून चालतात, आणि बरेच अनुवादकही तेच मानतात. 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 असे म्हणत नाही. कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता, हा तिथला मूळ नियम आहे. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगवून घेतलेले चित्र किंवा तयार करून घेतलेला चित्रपट यांना कायद्याने अपवाद केले आहे. तिथे मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. त्या यादीत साहित्यकृती नाही, आणि अनुवाद ही साहित्यकृतीच आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेला अनुवाद मालकाचा होतो, हे खरे. पण घरी बसून, काम अंगावर घेऊन अनुवाद करणारा माणूस कुणाचा नोकर नसतो.

अर्थात ही मालकी एकट्याने वापरता येत नाही. अनुवाद करू देण्याचा हक्क मूळ लेखकाचा असतो, त्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय अनुवादकाला आपलाच मजकूर छापता येत नाही. पण मूळ लेखकालाही त्या अनुवादातली वाक्ये अनुवादकाला न विचारता उचलता येत नाहीत.

आता आपल्या खात्याशी थेट संबंध असलेला मुद्दा. समजा, एका अनुवादकाने दोन पुस्तके केली, एक खासगी प्रकाशकासाठी आणि दुसरे शासनाच्या एखाद्या विभागासाठी. दोन्हीकडून कामाचे पत्र आले, मानधन जमा झाले. करार कुठेच झाला नाही. पहिल्या पुस्तकाचा कॉपीराइट अनुवादकाकडेच राहतो. प्रकाशकाला पुस्तक छापण्याची संमती मिळाली, एवढेच मानता येते, आणि काही वर्षांनी त्याला ऑडिओबुक काढायचे झाले तर त्याने पुन्हा विचारायला हवे. दुसऱ्या पुस्तकाचे मात्र नेमके उलटे होते. शासनाच्या निर्देशावरून झालेली किंवा शासनाने प्रकाशित केलेली कृती कायद्याने 'शासकीय कृती' ठरते, आणि उलट करार नसेल तर तिचे पहिले मालक शासन असते. अनुवादकाने कुठेही सही केलेली नसते, तरी हक्क गेलेला असतो. पुढे त्याला स्वतःच्या निवडक अनुवादांच्या संग्रहात त्यातले एक प्रकरण घ्यायचे असेल, तरी विभागाकडे अर्ज करावा लागतो. शासनाच्या नियंत्रणाखालच्या सार्वजनिक संस्थांनाही कायद्याने असाच नियम लावला आहे.

पण 'उलट करार नसेल तर' ही अट कायद्यातच आहे. म्हणजे विभागाने करारात एक वाक्य घातले की प्रश्न मिटतो: 'या अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाकडे राहील.' यावर आक्षेप येईल की पुस्तक जनतेच्या पैशातून होते, ते जनतेला मोफत मिळायला हवे. ते मिळायलाच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यासाठी मालकी लागत नाही, परवाना पुरतो. मुद्रित आवृत्त्या काढण्याचा आणि संकेतस्थळावर विनामूल्य ठेवण्याचा कायमचा परवाना अनुवादक विभागाला देईल. ऑडिओ, नाट्यरूप, अभ्यासक्रमातले उतारे असे बाकीचे हक्क त्याच्याकडे राहतील.

मालकी हस्तांतरित करून घ्यायचीच असेल, तर कलम 19 वाचून करार लिहावा. हस्तांतरण लेखी आणि सहीचे हवे. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात हे त्यात यायला हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास त्या हक्कापुरते हस्तांतरण संपते. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या एका ओळीत हे सगळे अनुवादकाकडून काढून घेतले जाते, आणि बहुतेकांच्या सह्या याच ओळीखाली असतात.

श्रेयाचा प्रश्न मालकीपेक्षा वेगळा आहे. कलम 57 प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी 'हे काम माझे आहे' असे म्हणण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. मालक शासन असले तरीही राहतो. पण नाव कुठे आणि केवढे छापायचे, हे ते कलम सांगत नाही. माझ्या एका अनुवादाच्या पहिल्या आवृत्तीत माझे नाव मुखपृष्ठावर होते. दुसऱ्या आवृत्तीला मुखपृष्ठ बदलले आणि नाव आतल्या पानावर, अक्षरजुळणी आणि मुद्रणस्थळाच्या ओळींखाली गेले. ऑनलाइन विक्रीच्या पानावर तर ते नव्हतेच. करारात लिहिले होते, 'अनुवादकास योग्य ते श्रेय देण्यात येईल.' प्रकाशकाच्या मते आतले पान योग्य होते, आणि त्या वाक्यावर बोट ठेवून मला काहीच मागता येईना.

म्हणून श्रेयाच्या कलमात जागांची नावे हवीत. मुखपृष्ठावर आणि शीर्षकपानावर मूळ लेखकाच्या नावाखाली 'अनुवाद' या शब्दासह नाव. कॉपीराइटच्या पानावर 'मराठी अनुवाद ©' पुढे अनुवादकाचे नाव आणि वर्ष. नंतरच्या प्रत्येक आवृत्तीला, ई-बुकला, ऑडिओबुकला, जाहिरातीला आणि सूचीला हेच लागू राहील, असेही लिहावे. पुस्तकांची माहिती विक्रेत्यांकडे ज्या ओएनआयएक्स पद्धतीने जाते, तिच्यात अनुवादकासाठी B06 हा वेगळा संकेत आहे. प्रकाशकाने तो भरला नाही, की पुढच्या विक्रेत्यांच्या पानांवरून नाव गळू शकते. करारात त्याचा उल्लेख करायला एक ओळ पुरते.

नाव राहून गेले तर काय, हेही आधीच ठरवावे. 'अनवधानाने श्रेय राहिल्यास तो करारभंग मानला जाणार नाही' असे वाक्य काही करारांत असते. ते ठेवले तर श्रेयाच्या कलमात दम उरत नाही. त्याऐवजी ऑनलाइन चूक कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्त होईल, शिल्लक प्रतींना नावाची पट्टी चिकटवली जाईल आणि पुढच्या छपाईत नाव योग्य जागी येईल, असे लिहावे. उलट बाजूही आहे: अनुवादकाला न दाखवता मजकुरात मोठे बदल झाले, तर आपले नाव काढून घ्यायला सांगण्याची मुभा त्याला हवी.

हे काही जगावेगळे मागणे नाही. युनेस्कोने 1976 साली नैरोबीत अनुवादकांच्या संरक्षणाविषयी शिफारस स्वीकारली, तिच्यात प्रकाशित अनुवादाच्या प्रत्येक प्रतीवर अनुवादकाचे नाव ठळक जागी असावे, असे म्हटले आहे.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या विभागाने आणि त्याच्या अखत्यारीतल्या संस्थांनी अनुवादाच्या कामासाठी वरच्या कलमांचा एक नमुना करार तयार करावा, तो मराठीत असावा आणि काम सुरू होण्याआधी त्यावर सह्या व्हाव्यात. आणि ज्या अनुवादित पुस्तकाला शासनाचे अनुदान द्यायचे किंवा जे शासन खरेदी करणार, त्याच्या प्रस्तावासोबत अनुवादकाशी झालेला करार आणि मुखपृष्ठाचा नमुना मागवावा. ज्यावर अनुवादकाचे नाव नाही, तो प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत जावा. नमुना कराराचा मसुदा जाहीर करून अनुवादक आणि प्रकाशक या दोघांकडूनही हरकती मागवल्यात, तर मी माझ्या हरकती लेखी पाठवीन.

आपला,
एक मराठी अनुवादक