रिमांड झाल्यावर हेबियस कशी चालेल?

महोदय,

कालच्या अंकातला रिट अर्जांवरचा लेख वाचला. 'पोलिसांनी उचलले की हेबियस कॉर्पस, सरकार काम करीना की मँडमस' इतक्या सुटसुटीत हिशेबात आपण उच्च न्यायालयाला रिटचे अधिकार देणारे राज्यघटनेचे कलम 226 उरकून टाकलेत, त्याबद्दल अभिनंदन. फक्त लेखातली चौकट कापून एखादा घाबरलेला बाप उद्या वकिलाकडे गेला, तर त्याचे पैसे आणि चार मोलाचे दिवस वाया जातील, एवढीच अडचण आहे.

हेबियसमध्ये न्यायालय एकच गोष्ट पाहते: सुनावणीच्या दिवशी हा माणूस कायद्याच्या आधाराशिवाय डांबलेला आहे का? पोलिसांनी उचलले, 24 तास उलटले (प्रवासाचा वेळ सोडून) आणि तरी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले नाही, तर अर्ज भक्कम. पण अर्ज दाखल होऊन सुनावणी लागेपर्यंत पोलीस आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन कोठडीचा आदेश, म्हणजे रिमांड, मिळवतात आणि अर्जातली हवाच जाते. कारण आता तो पोलिसांच्या मर्जीने नव्हे, न्यायालयाच्या आदेशाने आत असतो.

ठाण्याच्या कॉल रेकॉर्ड प्रकरणात हाच मुद्दा निर्णायक ठरला होता, आणि त्या वेळी आपल्याच अंकात त्याच्या बातम्या आल्या होत्या. मार्च 2018 मध्ये एका वकिलांना अटक झाली, दंडाधिकाऱ्यांनी पोलीस कोठडी दिली, पत्नीने उच्च न्यायालयात हेबियस अर्ज केला आणि न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला. राज्य सरकार अपिलात गेले. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कारण सरळ होते: सुटकेचा आदेश झाला त्या दिवशी ते दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने कोठडीत होते आणि त्या आदेशाला आव्हानच दिलेले नव्हते. अटक चुकीची असली, तरी रिमांड उभा असताना हेबियस चालत नाही. भांडायचे ते रिमांडशी, नाहीतर जामीन मागायचा. अपवाद आहे, पण अरुंद: कोठडीचा आदेश अधिकार नसताना दिलेला असला किंवा कागद न वाचता यांत्रिकपणे सही ठोकलेली असली, तर.

लेखात बेपत्ता मुलीचे उदाहरणही दिले आहे. नुसती बेपत्ता असणे पुरत नाही. कोणीतरी तिला बेकायदा अडकवून ठेवले आहे असे प्रथमदर्शनी दाखवावे लागते. कोण, कुठे, केव्हापासून, हे अर्जात लिहा, नाहीतर तपासाचाच मार्ग धरा, असे ऐकून परत यावे लागते. आणि मुलगी सज्ञान निघाली व 'मी स्वखुशीने गेले' म्हणाली, तर विषय तिथेच संपतो.

मँडमसचे तर आपण सरकारी तक्रारपेटीच करून टाकले! आधी दाखवावे लागते की अमुक कायद्याने मला हा हक्क आहे आणि अमुक अधिकाऱ्यावर हे कर्तव्य आहे. मग लेखी मागणी, तिची पोच आणि नकार किंवा वाजवी मुदतीनंतरचे मौन. ती पोच जोडलेली नसली, की पहिला प्रश्न येतो: 'तुम्ही मागितलेत कधी?' दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यातली अपिले वापरली का, हा दुसरा. गुन्हा नोंदवून घेत नाहीत म्हणून थेट उच्च न्यायालयात धावणाऱ्यालाही बहुधा दंडाधिकाऱ्यांचे दार दाखवतात. 2008 च्या साकिरी वसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले आहे.

दोन्ही अर्जांची गल्लत कशी होते, हे पाहायचे तर 2020 चा तामिळनाडूतील कैद्यांचा निकाल वाचा. जन्मठेपेच्या कैद्यांच्या मुदतपूर्व सुटकेसाठी हेबियस अर्ज केले आणि मद्रास उच्च न्यायालयाने सुटका दिलीही. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, शिक्षा झालेला माणूस बेकायदा डांबलेला नसतो. फार तर सरकारला विचार करायला सांगता येईल, सोडायचे की नाही हे सरकारने ठरवायचे. मँडमसची मर्यादाही हीच. अधिकाऱ्याला निर्णयाचे स्वातंत्र्य असेल, तिथे न्यायालय 'द्या' म्हणत नाही, 'अमुक आठवड्यांत ठरवा' म्हणते. अधिकारी मुदतीत सकारण नकार देऊन मोकळा होतो आणि त्या नकाराला नव्याने आव्हान द्यावे लागते.

जाता जाता, 'सहा आठवड्यांत निवेदनावर निर्णय घ्या' एवढ्या आदेशाला 'हायकोर्टाचा सरकारला दणका' असा मथळा देणे आता पुरे करावे. बिचारा अर्जदार पेढे वाटतो. आणि दुरुस्ती छापणार असाल, तर ती लेखाच्याच जागी छापावी, राशिभविष्याखाली नको.

– एक वकील वाचक, ठाणे