काकू, "कोणत्या हातानं?" या एका प्रश्नासाठी थँक्यू

काकू, समोर बसून बोलले असते तर तुम्ही "हो हो, चहा घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझी ती दोन बहिणींची कथा तुम्हाला आठवते ना, थोरली दुसऱ्या दिवशी गणेशपेठच्या स्टँडवरून एस्टीने अमरावतीला होस्टेलला जाणार आणि आदल्या रात्री दोघी एकमेकींची वेणी घालतात. मी ती चार जणांना वाचायला दिली होती, सगळे म्हणाले छान आहे, डोळ्यात पाणी आलं. तुम्ही मात्र वाचून एवढंच विचारलंत, "हे लिहिलंस, वेणी घालता घालता धाकटीनं डोळे पुसले, तर कोणत्या हातानं पुसले बाप्पा?"

मी गप्पच झाले. मग तुम्ही मला मोढ्यावर बसवलं, माझे केस सोडले आणि तुमच्या फणीनं विंचरत दाखवलंत, तीन पेड आणि हात दोनच, एका हातात दोन पेड बोटांनी वेगळे धरलेले, दुसऱ्या हातात एक, डावा पेड मधल्यावरून, मग उजवा मधल्यावरून, प्रत्येक वेळी थोडं ओढून घट्ट करायचं, आणि यात एक हात सुटला की विणलेलं तिथंच सैल पडतं. म्हणजे धाकटीला रडू आलं तरी पुसता येत नाही. फार तर खांद्याला गाल घासेल, आणि तो घासताना वेणी एका बाजूला खेचली जाईल, आणि पुढे बसलेल्या थोरलीला ते डोक्याच्या कातडीवर कळेल. काकू, माझी अख्खी कथा तिथं फिरली. मी दोघींना सारखं एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघायला लावलं होतं आणि वेणी घालणारी तर पाठीमागे असते! थोरलीला काही दिसतच नाही, तिला फक्त हात कळतात.

म्हणून आधी कोणाची वेणी हेही ठरवावं लागलं, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ते कसंही होतं. आता पहिले धाकटीची, कारण ती रोजची सवय, थोरली बडबड करत झरझर घालते. मग धाकटी मागे जाते आणि बोलणं कमी होत जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. तुम्ही मला माझेच संवाद मोठ्यानं वाचायला लावले आणि तुम्ही वेणी घालत होता, माझं पहिलं पान पण संपलं नव्हतं आणि तुम्ही रबर लावून मोकळ्या. चार पानं गप्पा तीन पेडांच्या वेणीत मावतच नाहीत. मला आधी वाटलं पाचपेडी करू, पण तुम्ही म्हणालात झोपताना कोण पाचपेडी घालतं, बोलायचं ते गुंता काढताना बोलू दे. ते इतकं बरोबर होतं, गुंता टोकाकडून वर सोडवत जायचा, वरून ओढला तर केस तुटतात आणि ओरडा बसतो, म्हणजे धाकटीला हवा तेवढा वेळ घेता येतो आणि कोणी काऊन म्हणून विचारत नाही. होस्टेलची खोली, मेस, घरी कधी येशील, हे सगळं मी तिथं नेलं. एक पान चक्क काढून टाकलं. पेड हातात आले की दोघी गप्प.

आणि हो, मी थोरलीला रात्री न्हायला लावलं होतं, ऑगस्टमध्ये! ओल्या केसांची वेणी वाळल्यावर सैल होते, पावसाळ्यात सकाळपर्यंत आत ओलीच राहते आणि कुबट वास मारते, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणीतरी वाचणारी बाई तिथंच अडली असती. आता खोबरेल तेल आहे.

शेवट तर तुमच्यामुळेच सुचला. मी थोरलीला त्याच वेणीत होस्टेलच्या आरशासमोर उभं केलं होतं, छान गुळगुळीत. तुम्ही म्हणालात, झोपायची वेणी सैलच घालतात, सकाळी कानाजवळच्या बटा निघून येतात, परत विंचरावंच लागतं. आता आई सकाळी फणी घेऊन येते, "अशी झिपरी जाशील का माय एवढ्या लोकांत?", आणि थोरली म्हणते राहू दे, आणि तशीच एस्टीत बसते. मानेशी वेणी एका बाजूला ओढलेली आहे, जिथं धाकटीनं गाल घासला होता. मी तिथंच थांबवलंय, पुढे काही लिहिलं नाही.

काकू, वही रविवारी आणते, यावेळी कोणी एडिट न केलेली, पहिले तुम्हीच वाचा. तुमची फणी पण माझ्याकडेच राहिलीय, तीही आणते.