अण्णांच्या फोटोबद्दल

पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुहास,

अण्णांचा फोटो मिळाला. तू नुसतं ‘कसा आहे ते सांग’ म्हणाला असतास तर ‘छान’ लिहून मोकळा झालो असतो, पण ‘मन न राखता सांग’ असं लिहिलंयस, तर आता ऐक. फोटोबरोबर मूळ फाइल पाठवलीस हे फार बरं केलंस, त्यामुळे अंदाज करावे लागले नाहीत. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ १.८, १/६४० सेकंद, आयएसओ १००, आणि मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी.

आधी बसण्याची ढब. काठीच्या मुठीवर दोन्ही हात आणि हनुवटी जवळजवळ त्या हातांवर टेकलेली, ही अण्णांची खरी बैठक आहे. तू त्यांना ‘सरळ बसा’ म्हणाला नाहीस, तिथेच निम्मा फोटो जमला. उरलेल्या निम्म्याचं बोलू.

फोटो शंभर टक्के मोठा करून बघ. हातांवरच्या शिरा, नखाची कड, काठीच्या लाकडातली रेघ, सगळं कसं लख्ख आहे! आता वर डोळ्यांकडे ये. पापण्या विरघळल्यासारख्या दिसतात, चष्म्याच्या काचेतला प्रकाशाचा ठिपका पसरट झालाय. तुला वाटलं हात हलला. तसं नाही. कॅमेरा हलला असता तर हातांच्या शिराही पुसट झाल्या असत्या आणि तो ठिपका एकाच दिशेला ओढल्यासारखा, रेघेसारखा दिसला असता. अण्णा हलले असते तर फक्त तेच पुसट आले असते, काठीमागचा खांब होता तसाच राहिला असता. इथे एक थर स्वच्छ आहे आणि त्याच्या मागचं सगळं मऊ होत गेलंय, म्हणजे फोकस पुढे बसला.

का बसला, तेही सोपं आहे. फोकसचा बिंदू तू कॅमेऱ्यावर सोडलास. तुझ्यासारख्या डीएसएलआरला व्ह्यूफाइंडरमधून बघताना डोळा वगैरे कळत नाही. बिंदूंच्या टापूत जे सर्वांत जवळ आणि ठसठशीत असेल ते तो बहुतेक वेळा धरतो. तुझ्या फोटोत ते होते हात. तू साधारण दोन मीटरवर होतास. तेवढ्या अंतरावर या लेन्सला एफ १.८ वर दहा-अकरा सेंटीमीटरचाच पट्टा स्वच्छ मिळतो, आणि त्यातला निम्मा फोकसच्या अलीकडे जातो. हातांपासून डोळे पंधरा सेंटीमीटर तरी मागे असणार. मग ते सापडणार कसे? एडिटिंगमधला शार्पनिंगचा स्लायडर यावर उपाय नाही, त्याने फक्त पुसट कडा कडक होतात.

तेव्हा सिंगल पॉइंट लाव आणि तो बिंदू बटणांनी सरकवून जवळच्या डोळ्यावर ने. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची सवय अनेकांना असते, पण जवळून आणि उघड्या अ‍ॅपर्चरला त्यात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सहज घसरतात. शिवाय बटण अर्धं दाबून विचार करत बसू नकोस, तेवढ्यात म्हातारं माणूस पुढे झुकतं.

या फोटोला मात्र नुसता डोळ्यावरचा फोकस पुरणार नाही, असं माझं मत. डोळे स्वच्छ आणि समोरचे हात धूसर, असा फोटो एरवी चालला असता. इथे ते हातच तर बघायचे आहेत. दोन्ही हवे असतील तर अ‍ॅपर्चर बारीक करून एफ ५.६ वर ये. डोळ्यावर फोकस ठेवून तेवढ्याच अंतरावरून पुढे पंधरा-सोळा सेंटीमीटर मिळतात, हात त्यात जेमतेम मावतात. ‘पोर्ट्रेट म्हणजे १.८’ हे कुणी डोक्यात भरवलंय देव जाणे.

आता चेहरा काळवंडलाय त्याबद्दल. दोष प्रकाशाचा नाही, मोजमापाचा आहे. अण्णा पडवीत सावलीत, मागे दुपारचं चुन्यासारखं पांढरं आंगण. कॅमेऱ्याने सगळ्या चौकटीचं मिळून मोजमाप केलं, आंगणाला भुलला आणि एक्स्पोजर कमी ठेवलं. मी मूळ फाइल उजळून बघितली, सव्वा-दीड स्टॉप वर नेल्यावर चेहऱ्याचा खरा वर्ण आला. म्हणजे तिथेच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १.३ करायला हवं होतं. आंगण फटफटीत झालं असतं, होऊ दे. परदेशी व्हिडिओंमध्ये ‘चेहऱ्यावर स्पॉट मीटर धरा आणि एक स्टॉप वाढवा’ सांगतात, ते गोऱ्या कातडीसाठी. अण्णांच्या सावळ्या चेहऱ्यावर स्पॉट धरलास तर शून्यावरच ठेव. एक स्टॉप वाढवलास तर पांढरी टोपी जळेल आणि तिच्या शिवणी परत मिळणार नाहीत.

आकड्यांत सांगायचं तर त्याच जागी, त्याच उजेडात, एफ ५.६, १/२०० सेकंद आणि आयएसओ ८०० ला चेहरा बरोबर आला असता. आयएसओ १०० चं सोवळं सोड. ८०० ला थोडे दाणे येतात, पण काळा पडलेला चेहरा मागाहून उजळताना दाणे येतातच, वर रंगही मळतो.

पण एफ ५.६ घेतलंस की मागचं जरा जास्त स्पष्ट होतं, आणि तुझ्या फोटोत मागे काय आहे ते बघ. अण्णांच्या उजव्या कानातून मोटारसायकलचं हँडल निघालंय! चौकट आडवी, डोळे बरोबर मधोमध, टोपीवर रिकामं छप्पर, दोन्ही बाजूंना आंगण, आणि ज्या कोपरांमुळे ती बैठक कळते त्यातलं एक खाली कापलेलं. शिवाय तू उभ्याने काढलायस, त्यामुळे टोपी मोठी आणि हनुवटी लहान दिसते.

गाडी हलवण्यापेक्षा खुर्ची फिरव. अण्णांचं तोंड आंगणाकडे, पाठ माजघराच्या दाराकडे. तू पायरीवर बस, म्हणजे कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत येईल. फक्त त्यांच्यावरचा उजेड अडवू नकोस. चौकट उभी धर, डोळे वरच्या तिसऱ्या भागात, टोपीवर दोन बोटं जागा, खाली दोन्ही कोपरं आणि काठीचा थोडा भाग. मागे माजघरातला अंधार, त्यात हँडल-बिंडल काही नाही. चष्म्यात आंगण पांढरं चमकायला लागलं तर अण्णांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांग.

एक गंमत लक्षात ठेव: आता पार्श्वभूमी काळी, तेव्हा मीटर उलटा फसेल आणि चेहरा भगभगीत करेल. अधिक १.३ तसंच ठेवलंस तर टोपी गेलीच. उणे ०.७ पासून सुरुवात कर, एक फोटो काढ, मागच्या पडद्यावर हायलाइटची उघडझाप चालू करून टोपीकडे बघ. टोपी लुकलुकली तर आणखी थोडं खाली.

हातातला फोटोही फेकू नकोस. उभा कापला तर आठ बाय दहा इंचाची प्रिंट सहज निघेल, आणि हातांसाठी तरी काढच. खालची कडा बोटांच्या सांध्यावर येऊ देऊ नकोस, मनगटाच्या बरीच खाली घे.

दिवाळीनंतर ऊन जरा तिरपं होतं, तेव्हा सकाळी नऊच्या आत बसव त्यांना. चहा झाल्यावर, आधी नको. चहाआधी अण्णा कुणाचं ऐकत नाहीत. नवीन फोटोंतला निवडून एकच पाठवू नकोस, फसलेलेही पाठव, मूळ फायलींसकट.

काकूंना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझा,
मंदार