हिरवी रेघ आणि वॉरंटी

महोदय,

फोनच्या ओएलईडी पडद्यावर उभी हिरवी रेघ आली की जळगाव-भुसावळकडे लोक उन्हाला नाहीतर अपडेटला दोष देतात. बहुधा पडद्याच्या कडेच्या पातळ पट्टीचा जोड सुटलेला असतो. उष्णतेने कमकुवत जोड लवकर सुटतो, हे खरे. रेघ आलेल्या फोनवर स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाहा. त्यात रेघ नसेल तर दोष पडद्याचाच. उगाच रीसेट मारून फोटो घालवू नका.

वर्षाच्या वॉरंटीत पडदा सहसा फुकट बदलतात, पण चौकटीला पोचा दिसला की नकार मिळतो. म्हणून फोन देताना चारही कडांचे फोटो काढा आणि जॉबशीटवर ‘पोचा नाही’ असे लिहूनच घ्या. एखादा मृत पिक्सेल, म्हणजे न पेटणारा ठिपका, मात्र बऱ्याच कंपन्या दोष धरत नाहीत. मुदत संपली तरी विचारा. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांचे रेघ आलेले पडदे मोफत बदलले आहेत.

– एक मोबाईल दुरुस्ती कारागीर, जळगाव