नव्या फोटोंपेक्षा जुना फोटो कामाला आला

प्रिय मंजू,

तू मध्यंतरी फोन केलास तेव्हा मी धड बोललेच नाही, सॉरी गं. त्या दिवशी चिनूच्या अंगावरचं पुरळ गालापर्यंत आलं होतं आणि माझं डोकंच चालत नव्हतं. आता जरा श्वास घेतेय म्हणून सगळं लिहिते, तुझ्याही घरात लहान पोर आहे.

मी डॉक्टरबाईंना रात्री साडेअकराला मेसेज टाकला, "मॅडम चिनूच्या अंगभर पुरळ आलंय, वाढतंच चाललंय, काय लावू?" आणि खाली अकरा फोटो, सगळे ट्यूबलाइटखाली फ्लॅश मारून काढलेले, अर्धे हललेले, कुठला पोटाचा कुठला मानेचा मलाच कळेना. त्यांनी आधी एवढंच विचारलं की ताप आहे का, पोरगं सुस्त आहे का, आणि काचेचा ग्लास डागावर दाबला की लाली जाते का. ताप नव्हता, खेळत होता, लाली जात होती. मग म्हणाल्या, आता झोपा, सकाळी खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून प्रत्येक जागेचा एक लांबून आणि एक जवळून फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं धरा, आणि पहिल्या दिवसापासून तारखेनं लिहून पाठवा, कधी काय लावलं तेही.

सकाळी लिहायला बसले तर तारखाच आठवेनात. मग मोबाइलची गॅलरी मागे मागे नेली. २ जुलैला भाचीच्या वाढदिवसाला चिनू बनियनवर नाचतोय त्या फोटोत, मोठा करून बघितला तर डाव्या कोपराच्या आत नाण्याएवढी गोल कडा, लाल, थोडी खवल्याखवल्यांची, आणि मधली कातडी स्वच्छ! तेव्हा कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

मग मेसेज असा झाला:

"२ जुलै: कोपरावर एकच गोल. ६ जुलै: खाज, फार्मसीतून आणलेलं मलम सुरू. ८ जुलै: खाज बंद, लाली गेली. १४ जुलै: मलम बंद केलं. १७ जुलै: परत आलं, दुप्पट मोठं. पुन्हा तेच मलम. २४ जुलै: पोट, मान. २८ जुलै: गाल."

खरं सांगू, त्या "मलम"वर माझं बोट अडलं होतं. चिठ्ठीशिवाय आणलेलं, डॉक्टर ओरडतील म्हणून ती ओळ गाळणारच होते. पण लिहिल्यावर मलाच दिसलं की लावलं की दबतं, थांबवलं की दुप्पट होऊन येतं. ट्यूबचाही फोटो पाठवला. त्यात बुरशीचं औषध होतं, शिवाय अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल, म्हणजे जोरदार स्टेरॉइड.

त्यांचा लगेच फोन. गजकर्ण आहे, म्हणाल्या. स्टेरॉइडनं लाली-खाज दबते म्हणून बरं वाटतं, पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आरामात पसरते. गोल कडा पुसट होते, त्यामुळे आजचे फोटो बघून अॅलर्जीपण वाटली असती, ओळख पटली ती वाढदिवसाच्या फोटोमुळे. तरी फोटोवर भागवलं नाही. क्लिनिकला बोलावून कडेचे खवले ब्लेडनं हलके खरवडून काचेवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितले, आणि बुरशीचे धागे दिसले तेव्हाच औषध लिहिलं. खूप पसरलंय म्हणून पोटातलंही दिलंय, चिनूचं वजन करून. वरून बुरशीचं साधं मलम दोनदा, डागाच्या कडेबाहेर बोटभर, आणि दिसेनासं झाल्यावरही दोन आठवडे. आधीचं मलम बंद केल्यावर चारपाच दिवस जास्त लाल होईल, घाबरून परत ते लावू नका, असं दोनदा बजावलं. झालंही तसंच, तिसऱ्या दिवशी इतकं भडकलं की हात ट्यूबकडे गेलाच होता!

आणि मग तो प्रश्न, घरात अजून कुणाला खाज येते? मी नाही म्हटलं. घरी येऊन सहज सासूबाईंना विचारलं तर त्या गप्प. कमरेला, परकराच्या नाडीखाली, गेले चार महिने. तेच मलम लावत होत्या, त्यांच्याच कपाटातून तर मला मिळालं होतं फार्मसीत दाखवायला रिकामं खोकं! चिनू रोज त्यांच्याच कुशीत झोपतो, टॉवेल एकच. त्यात हा फोंड्याचा पाऊस, चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, दमट बनियन तसंच अंगात.

आता त्यांचंही औषध सुरू आहे, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात आणि वाळले नाहीत तर इस्त्री. चिनूचा गाल निवळलाय, पोटावर अजून आहे. सासूबाई मला म्हणतात, "डॉक्टरणीला माझ्या कमरेचा फोटो नाही हं पाठवायचा." चवथीला येतेस ना? तोवर दोघांचंही बरं होईल असं वाटतंय.

तुझी,
नीला